ठोका, जाळ, धूर : तांबट आळीच्या कवितेच्या कामाच्या नोंदी

३ जून

काम ठरलं ते असं. कसबा पेठेतल्या तांबट आळीवर सहा छोट्या कविता, सगळ्या अष्टाक्षरी, म्हणजे ओळीला आठ अक्षरं आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. बोलणारी व्यक्ती एकच: आळीत लग्न होऊन आलेली आणि आता ऐंशी ओलांडलेली एक बाई. माझं लहानपण त्याच आळीच्या टोकाला गेलं. ज्यांच्या ओट्यावर मी खेळले त्या काकू अजून आहेत. त्यांचे यजमान गेले, दीर आहेत. त्यांना मी काका म्हणते. ते अजून सकाळचे दोन तास मठारकाम करतात. दोघांनी बोलायला होकार दिला आहे.

माझ्या कवितेत गेल्या काही वर्षांत एक दोष शिरला आहे आणि या कामात तो मला काढायचा आहे. यमक अडलं की मी यादी उघडते, शब्द साधा वाटला की पर्यायी शब्द शोधते, आणि शेवटी हातात येते ती कुणाचीच नसलेली कविता. साधनं मला सोडायची नाहीत. ती नेमकी कुठे बिघाड करतात हे मात्र ओळीओळीने पाहायचं आहे, म्हणून या नोंदी.

५ जून

पहिलं कडवं लिहिलं. वहीत आधी गद्यात एक वाक्य होतं: "पहाटे ठोके सुरू झाले की आम्ही उठायचो." त्यातला "ठोके" मला रुक्ष वाटला. आयआयटी मुंबईच्या मराठी वर्डनेटमध्ये आणि घरातल्या कोशांमध्ये आवाजाला जवळचे शब्द पाहिले: ध्वनी, नाद, रव, निनाद. निनाद घेतला, कारण त्याला साद, दाद, नाद अशी यमकं पटकन मिळतात. तासाभरात हे झालं:

घुमे तांब्याचा निनाद
देई पहाटेस साद
जागी होई सारी आळी
मनी उरे तोच नाद

अक्षरं बरोबर आहेत, यमक चोख आहे. संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे गं. पण कोण बोलतंय? रेडिओ?"

रात्री परत वाचलं आणि बिघाडाचा माग काढला. मी बदलला होता एकच शब्द, ठोके काढून निनाद. पण निनाद एकटा येत नाही. "निनाद सुरू झाला की" असं कुणी म्हणत नाही, म्हणून क्रियापद "घुमे" झालं. एकदा "घुमे" आलं की "देते" चालत नाही, "देई" लागतं. मग "पहाटे"चं "पहाटेस" झालं आणि "मनात"चं "मनी". एका तत्सम नामाने चारही ओळींचं व्याकरण बदललं. आवाज सपाट होतो तो एका शब्दाने नव्हे, त्या शब्दाला शोभावं म्हणून आपण शेजारच्या शब्दांना नेसवलेल्या कपड्यांनी. वर्डनेटमध्ये एका अर्थाचे शब्द एका गटात बसतात आणि अर्थापुरता तो गट बरोबरच असतो. कुठला शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर नांदतो, हे तिथून समजत नाही.

म्हणून आजपासून एक नेम. पर्यायी शब्द सुटा तपासायचा नाही. तो आधी वहीतल्या गद्य वाक्यात घालून पाहायचा. त्याच्यासाठी वाक्यातलं क्रियापद किंवा विभक्ती बदलावी लागली, तर तो शब्द या बाईचा नाही.

कडवं खोडलं.

८ जून

सकाळी काकांकडे. पाऊस अजून नाही, पण आभाळ भरलेलं. त्यांच्यासमोर घंगाळ होतं. मठारणं म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देत भांड्यावर गोल खुणा उमटवणं. आपल्याला ती नक्षी वाटते, पण त्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कणखरही होतो. फार ठोकला तर तडकतो. म्हणून मध्येच भट्टीत तापवून नरम करावा लागतो.

मी विचारलं, "काका, आता तापवायचा हे कसं कळतं?"

"अगं, तो सांगतो की. तापवलेला पत्रा मुका असतो. ठोकत गेलं की बोलायला लागतो. बोलायला लागला की जाळ करायचा."

मुका पत्रा, बोलणारा पत्रा. आवाजाचे पर्याय मी अख्खा दिवस शोधत होते, त्यांत हे कुठेच नव्हतं आणि असणारही नव्हतं, कारण हा आवाजाला प्रतिशब्दच नाही. हे त्या कामाचं बोलणं आहे.

काकू आतून म्हणाल्या, "मला स्वयंपाकघरात कळायचं, आज तांब्या चाललाय का घंगाळ ते." दोघांचं मिळून सव्वा तास ध्वनिमुद्रण झालं.

९ जून

काकूंच्या वाक्यातून पुढचं कडवं सुरू होतंय:

ठोका ऐकून कळावं
आज तांब्या की घंगाळ

आता "-आळ"चं यमक हवं. माझी यमकयादी म्हणजे एका मोठ्या शब्दयादीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो का करावा लागला ते इथे लिहून ठेवते, कारण देवनागरीत यमक शोधताना सगळ्यांनाच ही अडचण येते. शब्दाच्या शेवटावरून साधा शोध घेतला, तर "ाळ" मिळतं, "ेळ" मिळतं, पण कमळ, ओंजळ, वर्दळ यांचं "-अळ" वेगळं काढता येत नाही, कारण "अ"ला मात्राच नाही. नुसता "ळ" शोधला तर कमळ, वेळ, मूळ, घंगाळ सगळे एका ढिगात येतात. उपाय असा की ज्या व्यंजनाला मात्रा किंवा हलन्त नाही, त्याच्यापुढे तात्पुरता "अ" लिहायचा आणि मग शोधायचं:

```python
import re

def khula(s):
    return re.sub(r'([\u0915-\u0939])(?![\u093e-\u094d])', r'\1अ', s)

words = open('shabda.txt', encoding='utf-8').read().split()
print([w for w in words if khula(w).endswith('ाळअ')])
```

"ाळअ"च्या जागी "अळअ" घातलं की कमळाचा गट मिळतो. एक उणीव राहते: "बाई"मध्ये "आ"ची मात्रा आहे आणि "आई"मध्ये पूर्ण अक्षर, म्हणून त्या दोघी यादीला यमक वाटत नाहीत. तेवढं हाताने पाहते.

यादी आली. सकाळ, आभाळ, रसाळ, मधाळ, लडिवाळ, खट्याळ, ओढाळ, वाचाळ आणि कितीतरी. पाचच मिनिटांत ओळ सुचली: "तांबूस झाले आभाळ". आठ अक्षरं. तांबं आणि तांबूस आभाळ, दोन्ही एका जागी. ही ओळ मला खरंच आवडली.

१० जून

आभाळाची ओळ काढली. काकू पहाटे स्वयंपाकघरात असत. त्या घराला आतल्या चौकाएवढंच आभाळ आहे आणि त्यांच्या सव्वा तासाच्या बोलण्यात आभाळ एकदाही आलेलं नाही. ती ओळ पाहणारीची आहे, तिथे राहणारीची नाही. ओळ सुंदर असल्यामुळेच काढायला दिवस लागला.

रसाळ, मधाळ, लडिवाळ यांच्याबद्दल एक लक्षात आलं. यादीत विशेषणंच जास्त, आणि तीही कवितेत झिजलेली. शेवटी विशेषण आलं की ते चिकटवायला एखादं नाम शोधावं लागतं, म्हणजे यमकासाठी अख्खी गोष्ट बनवावी लागते. आता पहिल्या फेरीत मी यादीतली विशेषणं वगळून फक्त नामं वाचते.

१४ जून

ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर उतरवलं. तीन संध्याकाळी गेल्या. उतरवताना काकांचं ते वाक्य पुन्हा आलं: "बोलायला लागला की जाळ करायचा." जाळ! घंगाळ आणि जाळ. यमक पहिल्या दिवसापासून माझ्या कानात होतं.

मग यादीत का नव्हतं? शोधलं. मागे कधीतरी shabda.txt बनवताना मीच तिला एक चाळणी लावली होती: दोन अक्षरी शब्द घ्यायचे नाहीत. फार गर्दी होते म्हणून. त्या चाळणीतून जाळ गेला, गाळ गेला, काळ, टाळ, माळ, चाळ सगळे गेले. मराठीत घरातले आणि कामातले कितीतरी शब्द दोन अक्षरी असतात. लांब शब्द ठेवून आखूड गाळणं म्हणजे बोली गाळून पुस्तकी भाषा ठेवणं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. चाळणी काढली. उलट आता यादी आखूड शब्दांपासून लांब शब्दांकडे लावते.

कडवं पूर्ण झालं:

ठोका ऐकून कळावं
आज तांब्या की घंगाळ
पत्रा बोलू लागला की
भट्टीला घालावा जाळ

निनादाच्या जागी ठोका परत आला आहे आणि तो रुक्ष वाटत नाही. तिसऱ्या ओळीत पत्रा बोलतो, त्यामुळे ठोक्याला वेगळं सजवावं लागलं नाही.

१५ जून

उतरवलेल्या बोलण्यातून दुसरी यादी बनवली, फक्त काकू आणि काका यांच्या तोंडचे शब्द, जसे आले तसे. "ठोका"ही, "ठोके"ही आणि "ठोक्यावरनं"ही. ही यादी लहान आहे, पण तिचा एक मोठा उपयोग पहिल्याच दिवशी दिसला.

कोशावरून केलेल्या यादीत मूळ शब्द असतात: दार, वाट, हात, उसे. पण मराठी ओळीच्या शेवटी मूळ शब्द फार थोड्या वेळा येतो. तिथे येतं दारात, वाटेवर, हाताने, उशाला. नाहीतर क्रियापद येतं, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. म्हणजे मूळ शब्दांची यादी घेऊन बसलं की नकळत आपण ओळीही मूळ शब्दावर संपवायला लागतो, आणि त्यासाठी वाक्य उलटं करतो. "आळी जागी व्हायची"चं "जागी होई आळी" होतं ते तिथे. विभक्तीसकट शब्द असलेली यादी समोर असली, की वाक्य सरळ ठेवूनही शेवट जुळवता येतो.

याचा धोकाही आहे. "-ला"ला "-ला", "-त"ला "-त" अशी यमकं मराठीत हवी तेवढी पडतात आणि कानाला ती यमक वाटतच नाहीत, नुसता प्रत्यय ऐकू येतो. माझी अट एवढीच: प्रत्ययाच्या आधीचा स्वरही जुळला पाहिजे. "दाराला" आणि "कुणाला" चालेल, "दाराला" आणि "भट्टीला" नाही.

२१ जून

कल्हईचं कडवं. मला "कल्हई" हा शब्द ओळीच्या शेवटीच हवा होता, कारण तो म्हणताना जिभेला मजा येते. "-अई"ची यादी पाहिली: सनई, रजई, कढई. कढई म्हणजे भांडंच, आळीतलंच, दोन्ही याद्यांमध्ये असलेलं. लिहिलं:

कल्हईवाला आला, केली
भांड्याभांड्याला कल्हई
पुसली कापसाने आणि
चमकली ती कढई

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत नऊ-नऊ अक्षरं आहेत. ते नंतर सुधारेन म्हणून तसंच काकांना वाचून दाखवलं. अक्षरं त्यांनी मोजली नाहीत.

"कढईला कल्हई कोण लावतं? आपली कढई लोखंडाची. आणि तळणाचं भांडं ते. जरा रिकामं चुलीवर राहिलं, की कथील पाघळून गोळा होईल."

घरी येऊन पाहिलं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तापलेलं तेल त्याच्या खालोखाल असतं, आणि रिकामी कढई तो आकडा सहज ओलांडते. कल्हई लागते ती तांब्या-पितळेच्या भांड्यांना, ज्यांत आमटी, ताक, चिंचेचं सार ठेवायचं असतं, म्हणजे आंबट अन्न कळकू नये. यमकाने माझ्याकडून चूक वदवून घेतली होती, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे मला संशयही आला नाही. निनाद निदान परका वाटला होता. कढई घरची होती, म्हणून तिचा धोका जास्त. तेव्हा "हा शब्द ती बाई म्हणेल का" हा प्रश्न पुरत नाही. "या वाक्यात म्हणेल का" असं विचारायला हवं.

यादीत दुसरं यमक शोधायचं नाही असं ठरवलं. "कल्हई"ला शेवटून उचललं आणि ओळीच्या सुरुवातीला नेलं. मग शेवट कशावर? काकूंना विचारलं, कल्हईचं काय आठवतं. त्या लगेच म्हणाल्या, "नवसागराचा धूर. पोरांना हाकलायचे मी लांब."

कल्हईवाला आला की
नवसागराचा धूर
नाकाला पदर आणि
पोरं हाकलावी दूर

त्या "लांब" म्हणाल्या होत्या, मी "दूर" घेतला. वहीतल्या वाक्यात घालून पाहिला: "पोरांना हाकलायचे मी दूर." क्रियापद हललं नाही, विभक्ती हलली नाही. तरी बोलण्यात दुसऱ्या कुठे "दूर" आलाय का ते त्यांच्या यादीत पाहिलं. दोनदा आहे. ठेवला. धुराला यादीने हुरहूर आणि काहूरही दिले होते.

२४ जून

पाऊस लागला. काम नाही.

२८ जून

पर्यायी शब्द शोधून आज खरा फायदा झाला, तोही लिहायला हवा. शेवटच्या कवितेत तांब्या पडून त्याला खळगा पडतो. "खळगा" जमत नव्हता, तो रस्त्याचा वाटतो. "खड्डा" त्याहून वाईट. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शिरले. पुण्यात १९३२ ते १९३८ या काळात निघालेला हा सात भागांचा कोश मला पर्यायांच्या कोशापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण शब्द कुठल्या भागात चालतो याच्या खुणा आणि वापराची अवतरणं त्यात आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही शब्दापुढे कंसात मूळ दिलेलं असतं, संस्कृत की फारसी की अरबी. त्यावरून शब्द कुठल्या घरातला हे पटकन दिसतं.

एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता जाता "पोचा" दिसला आणि मी थांबलेच. पोचा पडलेला तांब्या. माझी आजी म्हणायची. वीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडी आला नव्हता, पण वाचल्याबरोबर तिच्या आवाजात ऐकू आला. अर्थ वाचावा लागला नाही. कोशातून घ्यायचा शब्द मी आता यावरूनच ओळखते: तो पाहिल्यावर कुणाचा तरी आवाज आठवला तर घ्यायचा, अर्थ वाचून पसंत पडला तर राहू द्यायचा.

पोचा पडला तांब्याला
आता दाखवू कुणाला
ऐरणीला धूळ नाही
तुमचा चष्मा उशाला

"तुमचा" लिहिताना आधी "तुझा" आलं होतं, कवितेच्या सवयीने. काकूंनी यजमानांना आयुष्यात "अरे-तुरे" केलेलं नाही. "उशाला" बोलीच्या यादीतून आला. मूळ शब्दांच्या यादीत तो कधीच सापडला नसता, तिथे "-आला"ला पाला आणि माला आहेत.

४ जुलै

काकूंना सगळं वाचून दाखवलं. चष्म्याची गोष्ट त्यांनीच सांगितली होती, तरी ती कवितेत येऊ द्यायची का हे विचारायचं होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असू दे. पण उशाला नाही गं."

"म्हणजे?"

"उशाला म्हणजे डोक्याखाली घेतात ते. हात घेतात उशाला, चादरीची घडी घेतात. चष्मा कुणी उशाला घेईल का? फुटेल की. तो उशाशी असायचा. अजून आहे."

त्यांचं बरोबर होतं. "-आला"च्या मागे लागून मी प्रत्यय बदलला होता आणि त्याबरोबर अर्थही. "उशाशी" लिहिलं की "कुणाला"शी यमक तुटतं. तिथेच ओट्यावर बसून यादी न उघडता दुसरी ओळ फिरवून पाहिली. "दाखवू कुणाशी" होत नाही, ते मराठीच नाही. मग काकूंनाच विचारलं, तांब्याला पोचा पडला तर आता काय करता? "काय करणार? जायचं कुणापाशी? दिरांचे हात थरथरतात आता."

पोचा पडला तांब्याला
आता जाऊ कुणापाशी
ऐरणीला धूळ नाही
तुमचा चष्मा उशाशी

अक्षरं मोजली, आठ आहेत. काकूंनी शेवटची ओळ एकदा स्वतः म्हणून पाहिली आणि आत चहा टाकायला गेल्या.